टॉलरन्स 0.137 आला, आता चल काढायचा की ठेवायचा?

मल्टिपल रिग्रेशन चालवलं, R² झकास आला, पण ज्या चलावर सगळी भिस्त होती त्याचाच p 0.9च्या वर गेला. पहिल्यांदा रिग्रेशन करणाऱ्या बहुतेकांची गाडी इथे अडते. दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एकतर त्या चलाचा खरंच काही संबंध नसतो, नाहीतर तो चल मॉडेलमधल्या दुसऱ्या चलांशी इतका जुळलेला असतो की त्याचा वेगळा हिशेब लागत नाही. या दुसऱ्या प्रकाराला मल्टिकोलिनिॲरिटी म्हणतात. ती टॉलरन्स या मापाने ओळखायची कशी आणि ओळखल्यावर नेमकं काय करायचं, हे एकाच उदाहरणातून पाहू. ओळखण्याचं काम पाच मिनिटांचं आहे, खरा वेळ निर्णयाला लागतो.

उदाहरणासाठी R मधला `mtcars` हा डेटा घेतला आहे. R टाकलं की तो आपोआप मिळतो, त्यामुळे खालचा प्रत्येक आकडा तुम्हाला स्वतः काढून पाहता येईल. 1974 सालच्या मोटर ट्रेंड या अमेरिकन मासिकातून घेतलेली ही 32 गाड्यांची माहिती आहे. त्यातले चार स्तंभ आपल्याला लागतील. `mpg` म्हणजे मायलेज, एका गॅलनला किती मैल. `wt` म्हणजे वजन, हजार पौंडांत. `hp` म्हणजे हॉर्सपॉवर. आणि `disp` म्हणजे इंजिनाची क्षमता, आपल्याकडे गाडी घेताना 'किती सीसी?' विचारतात तीच, फक्त इथे ती घनइंचात आहे. 100 घनइंच म्हणजे साधारण 1640 सीसी.

पायरी 1: आधी एकेकटा चल पाहा, मग एकत्र

मायलेजवर फक्त इंजिनाची क्षमता टाकून रिग्रेशन केलं तर `disp` चा गुणांक −0.0412 येतो आणि स्टँडर्ड एरर 0.0047. म्हणजे इंजिन 100 घनइंचांनी मोठं असेल तर मायलेज सरासरी चार मैलांनी कमी. t ची किंमत −8.7 आहे, शंकेला जागाच नाही. R² 0.72.

आता वजन आणि हॉर्सपॉवरही मॉडेलमध्ये घ्या.

```r
m <- lm(mpg ~ wt + hp + disp, data = mtcars)
summary(m)
```

R² वाढून 0.8268 होतो. वजनाचा गुणांक −3.80 (p 0.001), हॉर्सपॉवरचा −0.031 (p 0.011). आणि `disp`? गुणांक −0.0009, स्टँडर्ड एरर 0.0104, p 0.93. चार मैलांचा फरक जवळजवळ शून्यावर आला आणि स्टँडर्ड एरर दुपटीहून जास्त झाला. गुणांकाची 95 टक्के कक्षा काढली तर ती −0.022 ते +0.020 अशी येते. इंजिन 100 घनइंचांनी वाढलं तर मायलेज दोन मैल घटेल किंवा दोन मैल वाढेल, यातलं काहीही शक्य आहे, असं मॉडेल सांगतंय. याचा अर्थ 'परिणाम नाही' असा होत नाही. 'या डेटावरून सांगता येत नाही' असा होतो. प्रबंधांमध्ये या दोन वाक्यांची सर्रास गल्लत होते, म्हणून आत्ताच ती वेगळी ठेवा.

संशय यावा अशी ही खूण आहे: चल एकटा असताना गुणांक ठाम, आणि बाकीचे चल आल्यावर स्टँडर्ड एरर फुगलेला. नुसता गुणांक बदलला म्हणून दचकू नका. बाकीचे चल आले की गुणांक बदलायचाच, त्यासाठीच तर मल्टिपल रिग्रेशन करतात. लक्ष ठेवायचं ते स्टँडर्ड एररवर.

पायरी 2: सहसंबंधाचा तक्ता पाहा, पण त्यावर थांबू नका

```r
cor(mtcars[, c("disp", "wt", "hp")])
```

`disp` आणि `wt` यांचा सहसंबंध 0.89, `disp` आणि `hp` यांचा 0.79, `wt` आणि `hp` यांचा 0.66. बरेच जण इथेच तपासणी संपवतात. 0.9च्या वर काही नाही, मग मल्टिकोलिनिॲरिटी नाही, असा निकाल देऊन मोकळे होतात.

हा तक्ता एका वेळी दोनच चलांकडे पाहतो. 0.89चा वर्ग केला तर 0.79 येतो, म्हणजे इंजिनाच्या क्षमतेतला 79 टक्के फरक एकट्या वजनावरून कळतो. पण वजन आणि हॉर्सपॉवर दोघांनी मिळून किती कळतो? ते या तक्त्यात कुठेच दिसत नाही. तीन-चार चल मिळून पाचव्याला जवळपास पूर्ण बांधून ठेवतात आणि जोडीजोडीने पाहिलं तर कुठलाही सहसंबंध 0.7च्या वर नसतो, असंही होतं. टॉलरन्सची गरज लागते ती यासाठी.

पायरी 3: टॉलरन्स एकदा हाताने काढा

सॉफ्टवेअर टॉलरन्स देतंच, तरी पहिल्या वेळी तो स्वतः काढावा. एकदा काढला की तो काय मोजतो हे पुन्हा विसरायला होत नाही. कृती अशी: मायलेज बाजूला ठेवा. ज्या चलाचा टॉलरन्स हवा त्याला अवलंबी चल करा आणि उरलेल्या स्वतंत्र चलांवर त्याचं रिग्रेशन चालवा. त्याचा R² एकातून वजा करा.

```r
r2 <- summary(lm(disp ~ wt + hp, data = mtcars))$r.squared
1 - r2
```

उत्तर येतं 0.137. म्हणजे गाड्यांच्या इंजिन-क्षमतेत जो फरक दिसतो त्यातला 86 टक्क्यांहून थोडा जास्त वजन आणि हॉर्सपॉवरवरूनच कळतो. उरलेला पावणेचौदा टक्के तेवढा `disp` चा स्वतःचा. रिग्रेशनला `disp` चा स्वतंत्र परिणाम शोधायला एवढीच सामग्री मिळते.

ही सामग्री म्हणजे काय, ते डेटात डोकावून पाहा. टोयोटा कोरोला 1835 पौंडांची आहे, इंजिन 71 घनइंच. लिंकन कॉन्टिनेंटल 5424 पौंडांची, इंजिन 460 घनइंच. या जोडीवरून मायलेज वजनामुळे घसरलं की इंजिनामुळे, हे कुणीच सांगू शकणार नाही, कारण दोन्ही एकदम वाढलेत. दोन भाऊ रोज बरोबरच दुकानात बसत असतील तर गल्ला कुणामुळे भरतो ते वहीवरून कळत नाही. एखादा दिवस एकजण गैरहजर असेल तरच अंदाज येतो. `mtcars` मध्ये असा 'गैरहजर दिवस' शोधायचा तर मर्सिडीज 280 आणि हॉर्नेट स्पोर्टअबाउट पाहा. दोघींचं वजन अगदी सारखं, 3440 पौंड. पण मर्सिडीजचं इंजिन 167.6 घनइंच आणि हॉर्नेटचं 360, दुपटीहून मोठं. मायलेज 19.2 आणि 18.7. अशा जोड्या 32 गाड्यांत थोड्याच आहेत. `disp` चा गुणांक याच मोजक्या गाड्यांच्या आधारावर ठरतो, म्हणून तो इतका डळमळीत.

तिन्ही चलांचा टॉलरन्स एकदम हवा असेल तर `car` हे पॅकेज घ्या. ते VIF देतं आणि VIF हा टॉलरन्सचा व्यस्त आहे, एवढंच त्या दोघांचं नातं.

```r
library(car)
1 / vif(m)
```

`wt` 0.206, `hp` 0.365, `disp` 0.137. SPSS वापरत असाल तर Analyze > Regression > Linear मध्ये Statistics बटण दाबा आणि Collinearity diagnostics वर खूण करा. Coefficients तक्त्याच्या उजव्या टोकाला Tolerance आणि VIF असे दोन स्तंभ येतील.

टॉलरन्स शून्यच असेल तर? समजा 'एकूण गुण' आणि ते ज्या विषयांतून बनले ते सगळे विषय, दोन्ही तुम्ही मॉडेलमध्ये टाकले. मग R एका चलापुढे `NA` दाखवतं आणि SPSS एक चल गुपचूप बाहेर काढून Excluded Variables मध्ये टाकतं. इथे निर्णय वगैरे काही नाही, चलांची यादी दुरुस्त करायची.

पायरी 4: आकड्याला किती घाबरायचं?

पुस्तकांत दोन मर्यादा सापडतात. टॉलरन्स 0.1च्या खाली गेला तर गंभीर, 0.2च्या खाली गेला तर सावध. 0.1चा नियम लावला तर आपला `disp` सुखरूप पास होतो आणि 0.2चा लावला तर नापास. डेटा तोच, मॉडेल तेच. परीक्षकांनी 'मर्यादा कुठली घेतलीत आणि का?' विचारलं की विद्यार्थी गडबडतात ते यामुळेच. माझ्या मते या मर्यादा म्हणजे पाहणी कुठे करायची हे सांगणाऱ्या खुणा आहेत, त्यापलीकडे त्यांना वजन देऊ नये.

त्यापेक्षा टॉलरन्सचं वर्गमूळ काढा. 0.137चं वर्गमूळ साधारण 0.37, आणि एकाला त्याने भागलं की 2.7. म्हणजे `disp` चा बाकीच्या चलांशी काहीच संबंध नसता तर त्याचा स्टँडर्ड एरर जेवढा आला असता, त्याच्या 2.7 पट तो आत्ता आहे. 0.25 टॉलरन्सला ही वाढ दुप्पट आणि 0.1ला 3.2 पट. आता प्रश्न मर्यादेचा राहत नाही. 2.7 पट फुगलेला स्टँडर्ड एरर तुमच्या कामाला चालतो का, एवढाच राहतो.

कारण स्टँडर्ड एरर ठरवणारा टॉलरन्स एकटा नाही. नमुना किती मोठा, त्या चलात मुळात फरक किती आणि मॉडेलमधून न समजलेला भाग किती, हे तिन्ही त्यात येतात. 5000 घरांच्या सर्वेक्षणात टॉलरन्स 0.1 असूनही गुणांक अचूक येऊ शकतो. 32 गाड्यांच्या डेटात 0.3ही त्रास देऊ शकतो. म्हणून टॉलरन्स पाहिल्यावर नजर परत गुणांकाच्या 95 टक्के कक्षेकडे न्या. ती पुरेशी अरुंद असेल तर कमी टॉलरन्सची चिंता सोडा.

आणखी एक गोष्ट. टॉलरन्सच्या सूत्रात मायलेज कुठेच नाही. तो फक्त स्वतंत्र चलांचं आपसातलं नातं पाहतो. कुठला चल मायलेजसाठी महत्त्वाचा आहे हे त्याला कळत नाही, त्यामुळे 'सर्वांत कमी टॉलरन्सचा चल काढून टाका' हा नियम आंधळा आहे.

पायरी 5: निर्णय

सगळ्यात आधी स्वतःला विचारा, हे रिग्रेशन कशासाठी केलंय? नुसतं मायलेजचं भाकीत करायचं असेल आणि नव्या गाड्याही याच ढंगाच्या, म्हणजे जड तेवढ्या मोठ्या इंजिनाच्या असतील, तर काही करू नका. मल्टिकोलिनिॲरिटीमुळे R² बिघडत नाही, भाकीतही बिघडत नाही. मात्र हलकी आणि प्रचंड इंजिनाची गाडी समोर आली तर त्या भाकितावर विश्वास ठेवू नका, तसल्या गाड्या मॉडेलने फारशा पाहिलेल्याच नाहीत.

समजा प्रश्न हॉर्सपॉवरबद्दल आहे आणि वजन व इंजिन-क्षमता फक्त नियंत्रणासाठी घेतलेत. अशा वेळी त्या दोघांचं आपसात कितीही जमलेलं असो, तुम्हाला फरक पडत नाही. हॉर्सपॉवरचा स्वतःचा टॉलरन्स ठीक आहे ना, तेवढं पाहा. इथे तो 0.365 आहे आणि गुणांकही ठाम आहे. नियंत्रणाच्या चलांचे टॉलरन्स कमी आले म्हणून ते काढणं ही फुकटची डोकेदुखी.

आता गृहीत धरू की प्रश्न खरंच तिन्हींच्या वेगळ्या परिणामांचा आहे. `disp` काढून पाहू.

```r
m2 <- lm(mpg ~ wt + hp, data = mtcars)
```

R² 0.8268. चौथ्या दशांशापर्यंत तोच. वजनाचा गुणांक −3.80 वरून −3.88, हॉर्सपॉवरचा जागचा हलत नाही. पण वजनाचा स्टँडर्ड एरर 1.07 वरून 0.63 वर येतो आणि दोन्ही चलांचा टॉलरन्स 0.57 होतो. उरलेले गुणांक न हलता नुसते नेमके झाले, तर काढलेल्या चलाकडे सांगण्यासारखं वेगळं काही नव्हतं असं म्हणायला हरकत नाही.

याउलट `wt` काढून पाहा. `disp` आणि `hp` एवढेच ठेवले की `disp` चा गुणांक −0.0009 वरून थेट −0.0303 वर उडी मारतो, p 0.0003 होतो. R च्या तक्त्यात p शेजारी तारे चमकले म्हणून आनंद होईल, पण R²कडे पाहा: 0.8268 वरून 0.7482. वजन बाहेर गेल्यावर त्याचा परिणाम `disp` ने स्वतःच्या खात्यात जमा करून घेतला. हा गुणांक आता इंजिनाचा राहिलेला नाही, त्यात वजन मिसळलंय. टॉलरन्स मात्र सुधारलाच. चल काढल्यावर टॉलरन्स नेहमी सुधारतो किंवा तेवढाच राहतो, म्हणून तो सुधारला हा काढण्याच्या बाजूचा पुरावा होत नाही. उरलेले गुणांक किती हलले, R² किती पडला आणि विषयाच्या दृष्टीने तो चल काढणं पटतं का, या तिन्हींची उत्तरं हवीत. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. तुमच्या विषयात जो चल घेतल्याशिवाय कुणी तुमचा निष्कर्ष मानणार नाही, तो टॉलरन्स 0.05 असला तरी मॉडेलमध्ये राहतो. मग रुंद कक्षा सांगायची आणि जास्त डेटा लागेल असं लिहायचं.

काढण्याऐवजी एकत्र करता येतील का, हेही पाहा, पण एकत्र केल्यावर त्याला अर्थ उरला पाहिजे. याचं चांगलं उदाहरण R मध्येच `longley` या नावाने आहे: अमेरिकेची 1947 ते 1962 अशी सोळा वर्षं, अवलंबी चल रोजगार, आणि सहा स्वतंत्र चल. राष्ट्रीय उत्पन्न, किमतींचा निर्देशांक, लोकसंख्या आणि खुद्द वर्ष, हे चारही काळाबरोबर चढत गेलेले. उत्पन्नाचा टॉलरन्स 0.001च्याही खाली येतो आणि गुणांक चक्क ऋण, म्हणजे उत्पन्न वाढलं की रोजगार घटतो! एकट्या उत्पन्नाचा रोजगाराशी सहसंबंध मात्र 0.98 आहे. इथे उत्पन्नाला किंमत-निर्देशांकाने भागलं की खरं उत्पन्न मिळतं. दोन चलांचा एक झाला आणि अर्थशास्त्रात त्याला नावही आहे. प्रश्नावलीत एकाच गोष्टीबद्दल चार प्रश्न विचारले असतील तर त्यांची सरासरी घेणंही असंच योग्य. वजन आणि इंजिन-क्षमता यांची बेरीज मात्र मी करणार नाही. त्या मिश्रणाचा एक एकक वाढला म्हणजे नेमकं काय वाढलं, ते वाचकाला सांगता येणार नाही.

वर्गपद घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी. `wt` आणि `wt`चा वर्ग दोन्ही टाकले की टॉलरन्स 0.04च्या खाली जातो. हे आपणच तयार केलेलं नातं आहे. वजनातून त्याची सरासरी वजा करून मग वर्ग करा, टॉलरन्स 0.9च्या आसपास येतो. मात्र यामुळे मॉडेल सुधारलं असं समजू नका. वर्गपदाचा गुणांक आधीही 1.17 होता, नंतरही 1.17च, स्टँडर्ड एरर आणि R²सुद्धा तेच. बदलतो फक्त साध्या `wt` च्या गुणांकाचा अर्थ: आधी तो शून्य वजनाच्या गाडीपाशी असलेला उतार होता, जी गाडी अस्तित्वातच नाही, आता तो सरासरी वजनापाशी असलेला उतार झाला. वाचायला सोपं जातं म्हणून करा. दोन वेगवेगळ्या चलांमधला सहसंबंध मात्र सरासरी वजा करून तसूभरही बदलत नाही, `wt` आणि `disp` वर हा उपाय वाया जाईल.

रिज रिग्रेशनचं नाव कानावर येईल. भाकितासाठी ते चांगलं आहे, पण त्यात गुणांक मुद्दाम शून्याकडे ओढलेले असतात आणि नेहमीसारखा p मिळत नाही, त्यामुळे पहिल्या प्रबंधात त्याच्या वाटेला जाऊ नका. स्टेपवाइजच्या तर मुळीच नाही. जुळलेल्या चलांपैकी कुठला आत घ्यायचा हे ते डेटातल्या किरकोळ चढउतारावर ठरवतं आणि चार नोंदी बदलल्या की निवड पालटते.

पायरी 6: लिहायचं कसं

निकालाच्या तक्त्यात गुणांक आणि स्टँडर्ड एरर यांच्या शेजारी टॉलरन्सचा स्तंभ द्या. टॉलरन्स किंवा VIF यांपैकी एकच पुरे, दोन्ही म्हणजे तीच माहिती दोनदा. आणि खाली काय केलं ते सरळ सांगा. आपल्या उदाहरणात ते असं होईल:

'वजन, हॉर्सपॉवर आणि इंजिन-क्षमता यांच्या मॉडेलमध्ये इंजिन-क्षमतेचा टॉलरन्स 0.137 आढळला व तिच्या गुणांकाची 95 टक्के कक्षा −0.022 ते 0.020 अशी रुंद होती. ती वगळल्यावर R² 0.8268च राहिला आणि उरलेल्या गुणांकांत लक्षणीय बदल झाला नाही, म्हणून अंतिम मॉडेलमध्ये वजन व हॉर्सपॉवर ठेवले आहेत. इंजिन-क्षमतेचा स्वतंत्र परिणाम या 32 गाड्यांवरून वेगळा काढता येत नाही.'

परिशिष्टात तीन चलांचं मूळ मॉडेलही जोडा. तोंडी परीक्षेत 'इंजिनाचा मायलेजवर परिणाम नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?' हा प्रश्न जवळपास ठरलेला असतो, आणि तेव्हा दोन्ही तक्ते समोर ठेवून बोलता येतं.